ठिबकाचा एकरी हिशेब : शेतकरी सभेत काय बोलावे आणि कोणत्या क्रमाने बोलावे

ठिबक सिंचनाच्या प्रचारासाठी गावोगाव ज्या सभा भरतात, त्यांत बहुधा असे घडते की, वक्ता पाण्याची इतके टक्के, खताची इतके टक्के आणि विजेची इतके टक्के बचत अशी टक्क्यांची यादी वाचून दाखवतो, श्रोते सौजन्याने माना डोलावतात, आणि सभा उठल्यावर चपला शोधता शोधता एखादा वयस्क शेतकरी शेजाऱ्याला विचारतो, "ते सगळं खरं, पण एकरी पडतं किती आणि उरतं किती?" ज्या प्रश्नापासून सभेला आरंभ व्हावयास हवा होता, तो प्रश्न अशा रीतीने सभा संपल्यावर उपस्थित होतो. प्रस्तुत लेख कृषी सहायक, साखर कारखान्याचे ऊस विकास कर्मचारी, शेतकरी गटांचे प्रमुख आणि अशा सभांत बोलण्याचा प्रसंग ज्यांच्यावर येतो त्या सर्वांसाठी आहे. विहिरीच्या पाण्यावरील एक एकर सुरू उसाचा दाखला घेऊन, तोंडी सांगता येईल आणि फळ्यावर मांडता येईल असा हिशेब कोणत्या क्रमाने सांगावा, हे येथे दिले आहे.

प्रारंभी वक्त्याने एक गोष्ट स्वतःच्या मनाशी निश्चित करावी. पाण्याची बचत ही एक बाब आहे आणि पैशाची बचत ही दुसरी. वाचलेल्या पाण्याला जोवर दुसरे काम मिळत नाही, तोवर त्याचा रुपया होत नाही. हा भेद ज्या वक्त्याला उमगला नाही, त्याचा हिशेब पहिल्याच प्रश्नाला कोसळतो; कारण समोर बसलेल्यांपैकी प्रत्येकाने आपल्या शेताचा जमाखर्च आपल्या बोटांवर अनेकदा मोजलेला असतो.

सभेची तयारी

साहित्य अगदी थोडे लागते. एक फळा, एक घड्याळ, मापाच्या खुणा असलेले दोन प्लास्टिकचे पेले, आणि शक्य असल्यास जवळच एखादे चालू स्थितीतील ठिबकाचे शेत. फळ्यावर आरंभीच तीन रकाने आखावेत : "खर्च", "वाचले" आणि "वाढले". तिसरा रकाना स्वतंत्र ठेवण्याचे कारण असे की, मजुरी वाचणे हे बरेचसे निश्चित असते, तर उत्पादन वाढणे हे जमीन, बेणे, खत आणि शेतकऱ्याची निगा यांवर अवलंबून असते. आणि या दोहोंची बेरीज एकाच दमात करून दाखवणे म्हणजे श्रोत्यांची फसवणूक करण्यासारखेच आहे.

पुढील दाखल्यातील दर आणि रकमा उदाहरणादाखल घेतल्या आहेत. सभेत त्या जशाच्या तशा सांगू नयेत. गावातील मजुरीचा दर, विक्रेत्याकडील दरपत्रक आणि कारखान्याने मागील हंगामात हातात दिलेला भाव श्रोत्यांकडूनच विचारून घ्यावा आणि तेच आकडे फळ्यावर लिहावेत. जो आकडा श्रोत्याने स्वतः उच्चारला, त्याच्याविषयी तो पुढे वाद घालीत नाही.

पहिला हिशेब : पाण्याचा

वक्त्याने आरंभ असा करावा :

"मंडळी, एक एकर म्हणजे ढोबळमानानं चार हजार चौरस मीटर. पाटानं पाणी देताना सरी भरेस्तोवर आपण एका पाळीला साधारण आठ सेंटिमीटर पाणी देतो. म्हणजे एकरी तीन लाख वीस हजार लिटर. पाच अश्वशक्तीची मोटर तासाला वीस हजार लिटर पाणी काढते असं धरा, की एक एकर भिजायला सोळा तास लागले. आबा, तुमच्याकडं वीज आठ तास असते ना? मग दोन दिवस गेले एका एकराला. वर्षात पावसाळा सोडून अशा पाळ्या किती होतात? वीस? बरं, वीस लिहितो. झालं चौसष्ट लाख लिटर."

येथे क्षणभर थांबावे, आणि कोणाची मोटर याहून कमी पाणी देते, कोणाकडे वीज रात्रीचीच असते, हे बोलू द्यावे. नंतर शांतपणे दुसरी बाजू मांडावी :

"आता ठिबक. पाच फुटांवर नळी, नळीवर चाळीस सेंटिमीटरला एक ड्रिपर, आणि ड्रिपर तासाला दोन लिटरचा. एकरात साडेसहा हजारांवर ड्रिपर बसतात आणि तासाला सुमारे तेरा हजार तीनशे लिटर पाणी पडतं. उसाची रोजची गरज थंडीत तीन मिलिमीटर, उन्हाळ्यात सहा, सरासरी चार धरू. चार मिलिमीटर म्हणजे एकरी सोळा हजार लिटर, म्हणजे एक तास बारा मिनिटं. पावसाचे दिवस वगळून दोनशे चाळीस दिवस असं चाललं, तर साडेअडतीस लाख लिटरच्या आत काम झालं. पाटाला चौसष्ट, ठिबकाला साडेअडतीस. वाचलं साडेपंचवीस लाख लिटर."

ही बचत सुमारे चाळीस टक्के भरते. मात्र टक्केवारीचा उच्चार सर्वांत शेवटी करावा, कारण सोळा तास आणि एक तास बारा मिनिटे ही श्रोत्याच्या अनुभवातील परिमाणे आहेत.

याच ठिकाणी विजेचा प्रश्न हमखास निघतो, आणि येथेच पुष्कळ वक्ते घसरतात. हिशेब सरळ आहे. पाटाने एका एकराला वर्षाकाठी 320 तास मोटर चालते. ठिबकावर एकच एकर एका वेळी चालवले, तर रोजचे एक तास बारा मिनिटे याप्रमाणे 288 तास होतात. मोटरची क्षमता पुरी वापरून दीड एकर एकाच वेळी चालवले, तरच एकरी तास दोनशेच्या खाली येतात. शिवाय साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना राज्य शासनाच्या 2024 च्या योजनेनुसार वीज मोफत आहे, सबब अशा शेतकऱ्याच्या खात्यात विजेच्या बचतीचा एक रुपयाही जमा होत नाही. फळ्यावर विजेपुढे शून्य लिहावे आणि तसे स्पष्ट सांगावे. त्या एका शून्याने पुढील सर्व आकड्यांवर श्रोत्यांचा विश्वास बसतो.

दुसरा हिशेब : एकरी खर्च

खर्चाचा हिशेब अनुदान बाजूला ठेवूनच प्रथम मांडावा. त्याची दोन कारणे आहेत. अनुदान संच बसवून तपासणी झाल्यावर मागाहून मिळते, तोपर्यंतची संपूर्ण रक्कम आणि तिचे व्याज शेतकऱ्याच्याच माथी असते. आणि जो धंदा अनुदानाशिवाय निदान बरोबरीत सुटत नाही, तो नळ्या बदलण्याची वेळ आली की सोडून दिला जातो.

"समजा, संच बसवून एकरी पंचावन्न हजार पडले. त्यातले तीस हजार आतल्या नळ्यांचे, पंचवीस हजार फिल्टर, व्हेंचुरी, मुख्य पाइप आणि व्हॉल्व्हचे. नळी सहा वर्षं टिकली तर वर्षाला पाच हजार झिजली. बाकीचं सामान दहा वर्षं टिकलं तर वर्षाला अडीच हजार. झाले साडेसात हजार. गुंतलेल्या रकमेवर व्याज, सरासरीनं निम्म्या रकमेवर दहा टक्के धरलं तर पावणेतीन हजार. आम्ल, साफसफाई, उंदरानं कुरतडलेली नळी जोडणं, याचे दीड हजार. एकूण अकरा हजार सातशे पन्नास. म्हणजे ठिबक तुमच्या एका एकराकडून दरसाल पावणेबारा हजार मागतं. आता ते देतं किती, ते बघू."

पंचावन्न हजारांचा आकडा ऐकून जो श्रोता दचकतो, त्याला वर्षाचे पावणेबारा हजार हा आकडा विचारात घेण्याजोगा वाटतो, आणि "नळी सहा वर्षं कशी टिकवायची" हा उपयुक्त प्रश्नही त्यातूनच निघतो. नळ्या तोडणीपूर्वी गुंडाळून न ठेवल्यास कोयत्याने कापल्या जातात, आणि पाचट पेटवल्यास एका दिवसात जळून जातात. तेव्हा सहा वर्षांचा अंदाज तीन वर्षांवर येतो आणि नळीची वार्षिक झीज पाच हजारांवरून दहा हजारांवर जाते, हे येथेच सांगून टाकावे.

तिसरा हिशेब : वाचले किती

"दारं धरायला गडी लावता का, तात्या? रात्रीच्या पाळीला लावता. म्हणजे वीस पाळ्यांना वीस रात्री, चारशेप्रमाणे आठ हजार. ठिबकात व्हॉल्व्ह फिरवायला तुम्ही स्वतः पुरता. लिहा आठ हजार. भांगलण? दोन ओळींमधली जमीन कोरडी राहते, तण नळीच्या कडेलाच उगवतं. सगळी भांगलण चुकत नाही, पण अडीच हजार वाचतात. खत? इथं मात्र नीट ऐका."

खताचा भाग सविस्तर सांगण्याजोगा आहे, कारण अतिशयोक्ती येथेच सर्वाधिक होते. सुरू उसाला एकरी शंभर किलो नत्र द्यावयाचे, तर युरियाची पाच पोती पुरतात. 45 किलोच्या पोत्याचा दर 266 रुपये 50 पैसे असल्याने हा सारा खर्च तेराशे-साडेतेराशेपर्यंतच जातो. ठिबकातून विभागून दिल्याने त्यात तीस टक्के बचत झाली, तरी हाती चारशे रुपये येतात. पालाशाची बचत त्यात मिळवून अदमासे दीड हजार धरता येतील. याउलट, साधा युरिया आणि पांढरे पालाश वापरण्याऐवजी शेतकरी पूर्णपणे विद्राव्य अशा महागड्या मिश्रखतांकडे वळला, तर खताचा खर्च घटण्याऐवजी वाढतो. ती खते कामाची असतीलही. परंतु त्यांचा लाभ मोजायचा झाल्यास "वाढले" या रकान्यात मोजावा, "वाचले" या रकान्यात नव्हे.

"तेव्हा बेरीज करा. मजुरी आठ हजार, भांगलण अडीच हजार, खत दीड हजार, वीज शून्य. बारा हजार. आणि खर्च किती होता? पावणेबारा हजार. म्हणजे मंडळी, अनुदान धरलं नाही, तर ठिबक स्वतःचा खर्च स्वतः भागवतं आणि वर अडीचशे रुपये उरतात. आता कुणी म्हणेल, अडीचशेसाठी एवढा खटाटोप कशाला?"

हा प्रश्न वक्त्याने स्वतःच विचारावा. त्याचे उत्तर तिसऱ्या रकान्यात आहे, परंतु तेथे जाण्यापूर्वी ज्याच्या घरी मजूर लावलेच जात नाहीत, जेथे बाप आणि मुलगा रात्री स्वतः दारे धरतात, त्याचा हिशेब वेगळा निघतो हे मान्य करावे. त्याचे आठ हजार वाचत नाहीत; वाचतात चार हजार, आणि खर्च पावणेबारा हजारांचाच राहतो. त्याला पावणेआठ हजारांची तूट येते. मोकळ्या झालेल्या त्या रात्रींचे त्याने काय करावे हे त्याने ठरवावयाचे आहे. त्यांची किंमत वक्त्याने परस्पर लावू नये.

चौथा हिशेब : तूट किती टनांनी भरते

येथे "उत्पादन इतके टक्के वाढेल" असे आश्वासन देण्याऐवजी प्रश्न उलटा विचारावा.

"तोडणी-वाहतूक वजा जाऊन टनाला अठ्ठावीसशे हातात पडतात असं धरू. ज्याच्या घरी गडी लावत नाहीत, त्याची तूट पावणेआठ हजार. भागाकार करा : पावणेतीन टन. म्हणजे एकरी तीन टन ऊस जास्त निघाला, की तोही बरोबरीत आला. तुमच्या रानात तीन टन वाढतील का? ज्याचा ऊस एप्रिल-मेमध्ये पाण्याविना सुकतो, त्यानं मनाशी उत्तर द्यावं. ज्याला बारमाही भरपूर पाणी आहे आणि आधीच साठ टन निघतात, त्यानंही द्यावं. दोघांचं उत्तर एक नसणार."

किती टन वाढले म्हणजे पुरे, हा आकडा शेतकऱ्याच्या हाती दिला की निर्णय त्याचा होतो. हलक्या, उताराच्या किंवा पाण्याची ओढ पडणाऱ्या जमिनीत तीन टनांची वाढ दुर्लभ नाही. कारण पाटपाण्यात पिकाला एका दिवशी अतिरेक आणि पुढील आठ-दहा दिवस वाढत जाणारा ताण सोसावा लागतो, तर ठिबकात मुळाजवळचा ओलावा जवळजवळ सारखा राहतो. भारी काळ्या जमिनीत, जेथे पाणी आधीच पुरेसे आहे, तेथे लाभ कमी दिसतो, आणि पाणी अधिक दिल्यास मुळीच दिसत नाही.

आता वाचलेल्या पाण्याकडे वळावे. साडेपंचवीस लाख लिटर पाणी विहिरीत राहिले, तर त्यावर काय पिकेल? हरभऱ्याला तीन पाळ्यांत तीस सेंटिमीटर पाणी धरले, तर एकरी बारा लाख लिटर लागतात. म्हणजे दोन एकर हरभरा. ज्याच्याकडे ही दोन एकर जमीन आज कोरडी पडून आहे, त्याच्या दृष्टीने ठिबकाचा खरा नफा हाच आहे. ज्याच्याकडे जमीनच एक एकर आहे, त्याला हा नफा नाही. त्याची विहीर मेअखेर तग धरेल, एवढेच त्याचे उत्पन्न. आणि भूजल सर्वांचे सामाईक असल्याने, प्रत्येकाने वाचलेल्या पाण्यावर नवे क्षेत्र भिजवले तर गावाच्या पाण्याची पातळी उंचावणार नाही, हेही सभेत सांगितले पाहिजे. कालव्याच्या पाळीवर अवलंबून असणाऱ्यांना तर शेततळ्याशिवाय ठिबक रोज चालवताच येत नाही. त्यांच्या एकरी खर्चात तळ्याची रक्कम आधी मिळवावी.

अनुदानाची कैफियत

अनुदानाचा विषय सभेच्या शेवटाकडे घ्यावा. प्रति थेंब अधिक पीक या केंद्रीय योजनेतील हिस्सा आणि राज्याची पूरक रक्कम मिळून महाराष्ट्रात अल्प व अत्यल्प भूधारकांना 80 टक्के आणि इतरांना 75 टक्के अनुदान पाच हेक्टरच्या मर्यादेत मिळते. मात्र ही टक्केवारी विक्रेत्याच्या बिलावर नसून शासनाने ठरविलेल्या मापदंडाच्या खर्चावर आकारली जाते, आणि गैरसमज नेमका येथे होतो.

"बिल पंचावन्न हजारांचं, आणि शासनाच्या मापदंडानं खर्च बेचाळीस हजार धरला असं समजा. ऐंशी टक्के बेचाळीस हजारांचे : तेहतीस हजार सहाशे. तुमच्या खिशातून गेले एकवीस हजार चारशे. अकरा हजारांत काम होतं असं कुणी सांगत असेल, तर त्याला मापदंड विचारा."

एकवीस हजार चारशे रुपये गुंतवले, तर झीज, व्याज आणि देखभाल मिळून वार्षिक खर्च साडेपाच हजारांच्या आसपास येतो, आणि मजूर लावणाऱ्याला साडेसहा हजारांची शिल्लक उरते. पहिल्या वर्षी त्यातून अनुदानाची वाट पाहण्याचे व्याज वजा करावे : तेहतीस हजार सहाशे रुपये आठ महिने अडकले, तर दहा टक्क्यांनी ते सव्वादोन हजारांच्या जवळ जाते. अर्ज महाडीबीटीवर करावयाचा असतो, आणि पूर्वसंमती हाती येण्यापूर्वी संच खरेदी केल्यास अनुदान नाकारले जाते. म्हणून सातबारा, आठ-अ, बँक खाते आणि विहिरीची सातबारावरील नोंद आधीच तपासून घेण्याची सूचना येथे द्यावी.

प्रात्यक्षिक : सहा मिनिटांची परीक्षा

हिशेब कितीही चोख असला, तरी ड्रिपर बुजले की तो निरर्थक ठरतो. यासाठी सभा शक्य तो चालू शेताजवळ घ्यावी आणि एक परीक्षा सर्वांसमक्ष करावी. तासाला दोन लिटरचा ड्रिपर सहा मिनिटांत दोनशे मिलिलिटर पाणी देतो. व्हॉल्व्हजवळच्या पहिल्या ड्रिपरखाली एक पेला आणि सर्वांत दूरच्या नळीच्या टोकाच्या ड्रिपरखाली दुसरा पेला धरून सहा मिनिटांनी दोन्ही मोजावेत. दोहोंत तफावत दहा टक्क्यांहून अधिक असेल, तर दाब कमी आहे, नळी प्रमाणाबाहेर लांब आहे किंवा ड्रिपर बुजत चालले आहेत. टोकाचे झाकण काढून नळी धुतल्यावर गढूळ पाणी आले, तर गाळ. ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा थर असेल, तर क्षार. गाळासाठी फिल्टर पाहावा : त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबमापकांत अर्ध्या किलोचा फरक पडला, की तो उलट्या प्रवाहाने धुण्याची वेळ झाली. क्षारांसाठी आम्लप्रक्रिया करावी लागते. त्या वेळी आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कदापि ओतू नये, आणि चोवीस तासांनी सर्व नळ्यांची टोके सोडून संच स्वच्छ धुवावा.

याहूनही अधिक आढळणारा दोष मात्र पेल्याने कळत नाही. पाटपाण्याची सवय असलेल्या डोळ्यांना सरीत पाणी दिसल्यावाचून समाधान होत नाही, म्हणून एक तास बारा मिनिटांचा संच चार तास चालवला जातो. पाणी मुळांखाली निघून जाते, सोबत युरियाही नेते, आणि वर्षाअखेर "ठिबकात काही फरक पडला नाही" असा निष्कर्ष निघतो. यावर उपाय म्हणून मोटरच्या पेटीवर थंडीतील चोपन्न मिनिटे, सरासरी एक तास बारा मिनिटे आणि उन्हाळ्यातील एक तास अठ्ठेचाळीस मिनिटे असा तक्ता लिहून लावावा. ज्याचे ड्रिपर किंवा नळीचे अंतर वेगळे असेल, त्याने एकराचे ड्रिपर मोजून ही मिनिटे नव्याने काढावीत.

सभेचा समारोप

समारोपात आवाहन करू नये. प्रत्येकाला एक कोरा कागद द्यावा आणि त्यावर चार आकडे लिहावयास सांगावे : वर्षातील पाण्याच्या पाळ्या, दारे धरण्यासाठी प्रत्यक्षात दिलेली मजुरी, मागील वर्षीचे एकरी टन, आणि विहीर आटण्याचा महिना.

"ज्याच्या कागदावर मजुरीचा आकडा मोठा आहे, किंवा विहीर मार्चमध्येच आटते, त्यानं आजच पूर्वसंमतीसाठी नाव द्यावं. ज्याची मजुरी शून्य आणि पाणी बारमाही आहे, त्यानं एक हंगाम थांबावं, शेजाऱ्याच्या रानात तीन टन वाढतात का ते वजनाच्या पावत्यांवर बघावं, आणि मग ठरवावं."

कागद परत गोळा करावेत, आणि नाव देणाऱ्यांच्या शेतावर पुढील आठवड्यात पाण्याचा नमुना घेण्यासाठी जाण्याचा दिवस तेथेच जाहीर करावा. कारण पाण्यातील क्षार किती आहेत हे कळल्याखेरीज फिल्टर कोणता आणि आम्लाचा खर्च किती हे ठरत नाही, आणि ते ठरल्याखेरीज फळ्यावरील एकरी खर्चाचा आकडा त्या शेतापुरता अपुराच राहतो.